‘जरा लक्ष ठेव’ हे वाक्य मी आता म्हणत नाही

माझे अम्मी-अब्बा सोलापुरात राहतात, विजापूर वेशीच्या बाजूला, जुन्या घरात. मी ठाणे जिल्ह्यात शिकवतो. बहीण हैदराबादला दिलेली. अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना साखर आहे आणि रक्तदाब आहे. अम्मीचे गुडघे गेले आहेत. ‘त्यांना इकडे का आणत नाही?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा आमचं तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर बघावं आणि मग अब्बांना मोहल्ल्यातली मशीद सोडून चला म्हणून दाखवावं. तो विषय आमच्या घरी संपलेला आहे. रात्री गाडीत बसलो की सकाळी सोलापूर, पण शाळेतल्या माणसाला ही रात्र दिवाळीत, मे महिन्यात आणि एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीत मिळते. मधल्या दिवसांचं काय?

मधल्या दिवसांसाठी माणूस मित्राकडे बघतो. माझाही एक मित्र सोलापुरात आहे. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. तो गणित शिकवतो, मी उर्दू-मराठी. तो लिंगायत, माळ घालणारा, शुद्ध शाकाहारी; माझ्या डब्यातला रस्सा त्याने कधी खाल्ला नाही आणि डबा उघडला म्हणून कधी उठूनही गेला नाही. सोलापूरच्या रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांना ‘मालक’ म्हणतो. त्याचं घर जुळे सोलापूरला, आमच्या घरापासून स्कूटरवर वीसेक मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी मी त्याला फोनवर सहज म्हणालो, ‘‘मालक, अम्मी-अब्बांकडे जरा लक्ष ठेव.’’ तोही सहज म्हणाला, ‘‘अरे, ते काय सांगायला पाहिजे?’’

सांगायला पाहिजे होतं. त्या वाक्याने आमची दोस्ती जवळजवळ घालवली. कशी, ते लिहितो. माझ्यासारखे बरेच जण हेच वाक्य म्हणतात आणि मग समोरचा फोन का उचलत नाही याचा विचार करत बसतात.

‘लक्ष ठेव’ म्हणजे काय करायचं? आठवड्यातून एकदा जायचं की महिन्यातून? जाऊन बसायचं की औषधं बघायची? किती दिवस? ही विनंती वाटते, पण तिला कडा नाहीत. कडा नसलेलं काम पूर्ण होतच नाही, म्हणून ते करणारा माणूस कायम अपराधी राहतो. माझा मित्र पहिल्या महिन्यात दोनदा गेला. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडे बोर्डाचे पेपर तपासायला आले, जाता आलं नाही. तिसऱ्या महिन्यात ‘गेलो नाही’ हे सांगायची लाज वाटून त्याने माझा फोन टाळला. मी मनात म्हणालो, बघा, वेळेला कोणी कोणाचं नसतं. त्याने मनात काय म्हटलं असेल, ते मी विचारलं नाही. खरं तर तो कुठेही चुकला नव्हता. दोन वेळा गेला होता आणि दोन वेळांचे आभार मी मानले नव्हते, कारण माझ्या लेखी काम ‘चालू’ होतं.

दुसरी चूक यापेक्षा मोठी होती. त्या दोन भेटींतल्या दुसऱ्या भेटीत त्याला टेबलावर अब्बांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिसल्या. गणिताचा माणूस, त्याने मनात हिशेब केला. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी वीस शिल्लक होत्या आणि महिना संपत आला होता. अब्बा गोळी रोज घेत नव्हते, ‘डोकं जड झालं’ की घेत होते. अनेक वयस्कर माणसं असंच करतात. रक्तदाब वाढलेला बहुतेक वेळा जाणवत नाही, त्यामुळे ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवशी गोळी वाया गेल्यासारखी वाटते. मित्राने घरी जाऊन मला फोन केला. मी दहा मिनिटांत अब्बांना फोन लावला आणि वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाशी बोलतो त्या आवाजात बोललो. ‘‘वीस गोळ्या कशा उरल्या?’’

अब्बा काही बोलले नाहीत. आकडा कुठून आला हे त्यांना लगेच कळलं. पुढच्या वेळी मित्र गेला तेव्हा त्यांनी त्याला बसवलं, अम्मीने चहा दिला आणि निघताना अब्बा शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘साहेबांना जे कळवायचं असेल ते कळवा.’’ चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला मी घरातच परीक्षेला बसवलं होतं आणि त्यासाठी पर्यवेक्षक म्हणून मित्राला पाठवलं होतं. हे मला मित्राने खूप उशिरा सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

त्यानंतर आठ-नऊ महिने हा विषय बंद होता. मग अम्मी एकदा न्हाणीघरात घसरली. मनगटावर निभावलं, शेजारच्या खालांनी सगळं केलं, पण मी हादरलो आणि पुन्हा त्याच मित्राकडे गेलो. या वेळी फोन केला नाही, लिहून पाठवलं. फोनवर विचारलं की माणसाला तिथल्या तिथे ‘हो’ म्हणावं लागतं. लिहून पाठवलं की त्याला घरी बोलायला, कॅलेंडर बघायला वेळ मिळतो, आणि ‘नाही’ म्हणायलाही चेहरा लपवावा लागत नाही. मी लिहिलं ते जवळपास असं होतं:

‘मालक, एक विचारायचं आहे. नाही म्हणालास तरी आपल्यात काही बदलणार नाही, कारण गेल्या वेळी मीच घोळ घातला होता. दिवाळीच्या सुट्टीला अजून तीन महिने आहेत. तोवर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, तुझी सकाळची शाळा सुटल्यावर, संध्याकाळी अर्धा तास अम्मी-अब्बांकडे जाऊन बसशील का? असर आणि मगरिबच्या मधली वेळ बरी, पाच ते साडेसहा. दुपारी ते झोपतात. फक्त बसायचं आणि चहा प्यायचा. औषधं, बँक, डॉक्टर यातलं काहीही तुझ्याकडे नाही. एखादा शनिवार जमला नाही तर कळवायचीही गरज नाही. दिवाळीला मी आलो की हे संपलं. वहिनींना विचारून सावकाश सांग.’

यातला प्रत्येक शब्द मी आधीच्या चुकीतून शिकलो होतो. तीन महिने आणि दोन शनिवार म्हणजे सहा भेटी. सहाच्या पलीकडे त्याच्यावर काही नाही. ‘बसायचं’ म्हटलं, ‘बघायचं’ म्हटलं नाही. शेवटची तारीख मुद्दाम घातली, कारण मित्र ‘आता जमत नाही’ असं स्वतःहून कधीच म्हणत नाही, तो फक्त दूर जातो. वहिनींचं नाव घातलं, कारण शनिवारची संध्याकाळ एकट्या त्याची नव्हती. ती त्या घरातून उचलून मी माझ्या घरात ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: ‘चौथ्या शनिवारी आईला मंदिरात न्यावं लागतं. दुसरा आणि तिसरा चालेल का?’ हे उत्तर वाचून मला बरं वाटलं. जो माणूस वार बदलून मागतो, तो खरंच येणार असतो.

त्याला लिहिण्याआधी मी अब्बांना विचारलं होतं. हे पाऊल सगळे गाळतात. आपण मित्राला विचारतो, मित्र हो म्हणतो आणि आईवडिलांना बेल वाजल्यावर कळतं. मग त्यांना वाटतं की मुलाने आपल्याला कोणाच्या तरी हवाली केलं. मी अब्बांना सरळ सांगितलं, ‘‘मला इथे रात्री झोप लागत नाही. कोणी तुम्हाला भेटून आलं तर मला बरं वाटेल. गेल्या वेळी मी चुकलो, पुन्हा तसं होणार नाही.’’ अब्बा म्हणाले, ‘‘आने दो.’’ अम्मीची चिंता वेगळी होती. ‘‘उन्हे हमारे घर का खाते नहीं ना, क्या रखूँ सामने?’’ मी म्हटलं, चहा आणि केळी. अम्मीने तरीही त्याच्यासाठी शेंगा भाजून, सोलून डब्यात भरून ठेवल्या. सोलापुरात शेंगांवर कोणाचा आक्षेप नसतो.

बकरी ईदच्या आसपासच्या शनिवारी मात्र मी त्याला येऊ नको म्हणून आधीच कळवलं. त्याने काही म्हटलं नसतं, पण घरात चाललेल्या कामामुळे अम्मीला सारखा संकोच वाटला असता. रमजान ईदला उलट मुद्दाम बोलावलं. शीरखुर्मा दूध-शेवयांचा, त्याला चालतो. दोन घरांच्या रीती वेगळ्या असल्या की कोणत्या दिवशी बोलवायचं आणि कोणत्या दिवशी नाही, हे आपण बघायचं असतं. ते पाहुण्याच्या समजूतदारपणावर सोडू नये.

आता खबर कशी द्यायची याबद्दल. आमच्यात ठरलं की माझ्यापर्यंत जे येईल ते अब्बांसमोर येईल. निघण्याआधी मित्र तिथूनच मला फोन लावतो, फोन टेबलावर ठेवतो, आणि आम्ही चौघं पाच मिनिटं बोलतो. अब्बांच्या पाठीमागे काही नाही. याला एकच अपवाद ठेवला: कोणी पडलं, दम लागला, बोलणं अडखळायला लागलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा माणूस एकदम गोंधळल्यासारखा वागायला लागला, तर मला फोन करायचाच नाही. आधी १०८ ला फोन, मग शेजारच्या खालांना हाक, मग मला. मी चारशेएक किलोमीटरवर आहे. माझ्याशी बोलण्यात जी पाच मिनिटं जातील ती त्यांची असतात.

कपाटं उघडायची नाहीत, डब्यांत डोकवायचं नाही, हेही ठरलं. तुम्ही म्हणाल, मग कळणार काय? पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाला पुष्कळ कळतं. बेल वाजल्यावर दार कोण उघडतं आणि किती वेळाने उघडतं, एवढं एक बघितलं तरी घराची तब्येत कळते. सुरुवातीला अम्मी दार उघडायची. तिसऱ्या भेटीला अब्बा उठून आले, आणि चौथ्यालाही तेच. टेबलावरच्या फोनवर मित्र सहज म्हणाला, ‘‘काकी, हल्ली काकाच दार उघडतात, तुम्ही मोठ्या झालात.’’ अम्मी हसली आणि मग तिनेच सांगितलं की डावा गुडघा रात्रभर दुखतो, उठवत नाही. मला पंधरा दिवस रोज फोनवर ती ‘‘सब ठीक है’’ म्हणत होती. फोनवर आईवडील नेहमी ठीकच असतात. पाहुण्यासमोर उठून उभं राहावं लागतं, तिथे खरं काय ते दिसतं. चहा कोण करतं, खुर्चीतून उठताना हात कुठे टेकतो, तीच गोष्ट अर्ध्या तासात दुसऱ्यांदा सांगितली जाते का, उन्हाळ्यात पंखा लावलेला असतो की विजेच्या बिलासाठी बंद असतो, हे सगळं चहाच्या कपाबरोबर दिसतं. त्यासाठी हेर लागत नाही.

पैशाचं काम मित्राकडे देऊ नये, याबाबत मी कडक आहे. एटीएमचं कार्ड, पिन, फोनवर येणारा ओटीपी, पेन्शनचा हिशेब, यातलं काहीही नाही. मित्रावर अविश्वास आहे म्हणून हे म्हणत नाही. उद्या खात्यात दोनशे रुपयांचा फरक दिसला आणि अब्बांच्या मनात एक क्षणभर शंका आली, तर ती शंका तो कशाने धुणार? नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेवढ्यासाठी रिक्षा करून बँकेपर्यंत सोबत गेला तर ठीक. वय झालं की बोटांचे ठसे झिजतात, यंत्र घेत नाही, माणूस रांगेत ओशाळतो. तेव्हा बरोबर कोणी असावं. पण आत खिडकीशी अब्बाच बोलतील.

एवढं सगळं ठरवूनही पहिल्या दोन भेटी कोरड्याच गेल्या. अब्बा पेपर वाचत बसले, मित्र चहा पिऊन उठला. तिसऱ्या भेटीला मित्र एक पिवळा पडलेला कागद घेऊन गेला. त्याचं मूळ गाव तुळजापूर तालुक्यातलं. तो सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला जुना सरकारी कारभार उर्दूत चालायचा. जमिनीचा एक उर्दू कागद त्याच्या आजोबांच्या पेटीत होता, तो घरात कोणालाच वाचता येत नव्हता. ‘‘काका, यात काय लिहिलंय?’’

अब्बांनी भिंग मागवलं. कागद शिकस्ता वळणात लिहिलेला होता. शिकस्ता म्हणजे कचेरीतल्या कारकुनांचं घाईचं अक्षर. नुक्ते गाळलेले, शब्द एकात एक अडकवलेले. शाळेतलं स्वच्छ नस्तालीक वाचणाऱ्याला ते वाचता येत नाही, मलाही येत नाही. अब्बांनाही एका बैठकीत येईना. त्यांनी कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली आणि मित्राला म्हणाले, ‘‘पुढच्या शनिवारी या, तोवर चार ओळी काढतो.’’ त्या आठवड्यात अम्मीने मला फोनवर तक्रार केली की तुझे अब्बा रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसतात. मी तिला समजावलं, पण मला मनातून आनंद झाला. सेवानिवृत्तीनंतर वीस वर्षांत अब्बांना कोणी काही विचारायला आलेलं नव्हतं.

हे मी योजलेलं नव्हतं, हे कबूल करतो. खोटं निमित्त काढून पाठवणं मला पटतही नाही; शिक्षकाला खोटा प्रश्न लगेच ओळखू येतो. पण विनंती करताना आता मी एवढा विचार करतो की माझ्या आईवडिलांकडे या माणसाला देण्यासारखं काय आहे. कोणाची आई जुन्या पद्धतीचं लोणचं शिकवू शकते, कोणाच्या वडिलांना विहिरीचं पाणी आणि माती कळते. ज्या घरात पाहुणा फक्त द्यायला जातो, तिथे तो फार दिवस जात नाही, आणि घरच्यांनाही त्याचं येणं जड होतं.

आता आभारांचं. इथे मी सगळ्यात जास्त चुकलो आहे आणि मी दोन भाषांचा शिक्षक असून चुकलो आहे.

पहिल्या महिन्यानंतर मी मित्राला फोनवरून दोन हजार रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, ‘पेट्रोलला’. पाच मिनिटांत पैसे परत आले. सोबत एक शब्दही नव्हता. त्याच्या खेपांचा भाव मी ठरवला होता. त्याला माझ्याकडून पैसे घ्यायचे असते तर तो कामावर ठेवलेला माणूस झाला असता, आणि मग अम्मीच्या शेंगा त्याने कोणत्या नात्याने खाल्ल्या असत्या? मी माफी मागितली. त्यानंतर एक नियम केला: खरा खर्च आणि आभार यांची भेट होऊ द्यायची नाही. एकदा येताना त्याने अम्मीसाठी गुडघ्याचा पट्टा आणि मलम आणलं, सहाशे चाळीस रुपये. मी त्याच संध्याकाळी सहाशे चाळीस पाठवले. सातशे नाही आणि सहाशेही नाही. खाली लिहिलं ‘पट्टा, मलम’. ते त्याने घेतले, कारण तो हिशेब होता. आभार मी दुसऱ्या दिवशी मानले.

पण कोणत्या शब्दांत? मराठीत ‘धन्यवाद’ म्हटलं की व्यासपीठावर उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘तुझे उपकार फिटणार नाहीत’ म्हणावं तर समोरच्याला खुर्चीत बसवत नाही. उपकार हा शब्द ऐकला की चांगला माणूस विषय बदलतो. उर्दूत ‘एहसान’ तसाच जड आहे. ‘जहमत’ हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. ‘आपको जहमत दी’ म्हणजे मी तुम्हाला तसदी दिली. यात आपण समोरच्याला मोठं करून लाजवत नाही, फक्त त्याला पडलेले कष्ट मान्य करतो. मी सवयीने त्याला एकदा ‘जजाकल्लाह’ म्हणून गेलो. त्याने अर्थ विचारला. मी सांगितलं, अल्लाह तुला याचा मोबदला देवो. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तू हात झटकलेस!’’ मी खूप हसलो, पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ही दुआ सुंदर आहे, मी रोज देतो. पण आपण ती इतकी पटकन देतो की तिच्यामागे स्वतःचं एक वाक्यही उरत नाही. जो माणसांचं ऋण मानत नाही तो अल्लाहचंही मानत नाही, अशा अर्थाची हदीस आम्हाला लहानपणापासून पाठ असते. तरी ‘दोस्तीत शुक्रिया कसला’ म्हणून आम्ही मोकळे होतो. हे वाक्य म्हणायचा अधिकार देणाऱ्याचा आहे. घेणाऱ्याने ते म्हणू नये.

शेवटी मला जे जमलं ते साधं आहे. काय केलंस आणि त्याने काय झालं, एवढंच सांगायचं. मी त्याला लिहिलं: ‘मालक, शनिवारी तू दाराचं बोललास म्हणून अम्मीने गुडघ्याचं सांगितलं. काल बहीण हैदराबादहून आली होती, ती तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. व्यायाम सांगितला आहे, आता रात्री झोप लागते. तू पावसात आला होतास हे अब्बांनी मला दोनदा सांगितलं.’ यात ‘धन्यवाद’ कुठेच नाही. त्याचं उत्तर आलं, ‘वाचून दाखवलं घरी.’ आपल्या अर्ध्या तासाचं पुढे काय झालं हे बहुतेकांना कधी कळतच नाही. आपण काम झालं की गप्प बसतो आणि पुढचं काम निघालं की फोन करतो. म्हणून मी आता मधून असाही फोन करतो, ज्यात काहीच मागायचं नसतं.

वहिनींना मी वेगळा फोन केला. ‘‘तुमचे शनिवार मी घेतले,’’ म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘‘घ्या की, पण शेंगांचा डबा परत करायचा राहिलाय.’’ तो डबा अजून परत झालेला नाही. बहुधा त्यात काहीतरी घातल्याशिवाय त्या तो पाठवणार नाहीत आणि अम्मी तो रिकामा परत करणार नाही. हे चालूच राहील.

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला उतरलो, घरी सलाम करून, तोंड धुऊन आधी त्याच्याकडे गेलो. दुपारपर्यंत थांबलो नाही, त्याला आमच्याकडे बोलावलंही नाही. आभार मानायला आपण जायचं असतं. खजुराचा एक डबा नेला, एवढंच. महाग वस्तू नेली की ती परत करायचं ओझं समोरच्यावर पडतं. त्याच्या मुलीचं त्या वर्षी दहावीचं वर्ष होतं, तिला मराठीच्या निबंधाची भीती वाटत होती. तेव्हा मी काही बोललो नाही. त्याच दिवशी ‘मी शिकवतो’ म्हटलं असतं तर ती परतफेड झाली असती. महिन्याभराने रविवारी फोनवर तासभर शिकवायला सुरुवात केली, ती परीक्षेपर्यंत चालू ठेवली.

निघताना मी त्याला म्हटलं, ‘‘मालक, तीन महिने झाले. ठरल्याप्रमाणे आता संपलं. पुढचं मी दुसरं काहीतरी बघतो.’’ हे मी मनापासून म्हटलं होतं. शेजारच्या खालांच्या मुलाशी बोलणंही करून ठेवलं होतं. तो चपला घालेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, ‘‘कागदाच्या अजून अकरा ओळी राहिल्यात. काका म्हणतात शेवटी आमच्या आजोबांची सही आहे, पण सांगत नाहीत. क्रमाने वाचायचं म्हणतात.’’

तिसऱ्या शनिवारी सव्वासहाला फोन आला. टेबलावर ठेवलेला होता. मागे अम्मी कपबशा उचलत होती आणि अब्बा कोणाला तरी ओरडत होते, ‘‘नुक्ता नहीं है, नुक्ता अपने मन से मत लगाओ!’’